प्रश्न कमी होतात तेव्हा

नाते मोडले हे जाहीर होते त्याच्या बरेच आधी ते एका बाजूने सैल झालेले असते. डायन व्हॉन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ बाईंनी विभक्त झालेल्या शंभरावर माणसांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या आणि १९८६ मध्ये त्यावर ‘अनकपलिंग’ हे पुस्तक लिहिले. त्यांच्या मुलाखतींमध्ये एक गोष्ट पुन्हा पुन्हा आली. दोघांपैकी एकाच्या मनात आधी एक असमाधान तयार होते आणि ते तो जोडीदाराला सांगत नाही. लपवायचे म्हणून नव्हे, तर त्याला स्वतःलाच ते अजून नीट मांडता येत नसते म्हणून. जेव्हा मांडता येते तेव्हा त्याचा अर्धा प्रवास झालेला असतो, आणि दुसऱ्याला तो प्रवास सुरू झाल्याचाही पत्ता नसतो. निदान तसे तो नंतर म्हणतो.

प्रत्यक्षात अगदीच पत्ता नसतो असे क्वचितच घडते. घरात काहीतरी बदलले आहे हे जाणवते, पण बोट ठेवायला जागा सापडत नाही. भांडण झालेले नसते, कुणी काही लागट बोललेले नसते, पगार, शाळा, गॅस, किराणा सगळे वेळेवर चाललेले असते. तक्रार करावी तर कशाची, कारण जे बदलले आहे ते घडलेल्या गोष्टींत नसून घडायच्या थांबलेल्या गोष्टींत असते. दुराव्याची ही पहिली पायरी ओळखायला अवघड जाते ती यामुळेच. माणसाला आवाज झाला की कळते. रोजचा एखादा आवाज बंद झाला तर ते ध्यानात यायला वेळ लागतो.

सर्वांत आधी बहुधा प्रश्न कमी होतात. इथे प्रश्न म्हणजे सगळे प्रश्न नव्हेत. ‘जेवलास का’, ‘किती वाजता येशील’, ‘लाइटबिल भरलं का’ हे घर चालवण्याचे प्रश्न आहेत आणि ते शेवटपर्यंत टिकतात. घटस्फोटाची कागदपत्रे तयार होत असतानाही नवरा-बायको एकमेकांना ते विचारतात. आटतात ते पुढचे प्रश्न: उत्तर ऐकून त्यातून सुचणारे. ‘साहेब असं म्हणाले’ यावर ‘मग तू काय म्हणालास’, आणि दुसऱ्या दिवशी आठवणीने ‘आज परत काही बोलले का’. हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये अनोळखी माणसांच्या गप्पांचा आणि ओळख वाढवण्यासाठी ठरवलेल्या छोट्या भेटींचा अभ्यास केला. प्रश्न विचारणारी माणसे समोरच्याला अधिक आवडतात असे त्यांना दिसले, आणि त्यातही सर्वांत प्रभावी ठरले ते उत्तराला धरून विचारलेले पुढचे प्रश्न. कारण उघड आहे. ठरावीक प्रश्न पाठ असतो. पुढचा प्रश्न मात्र ऐकल्याशिवाय विचारताच येत नाही. म्हणून ‘कसा गेला दिवस’ हा प्रश्न रोज विचारला जातो की नाही याला फारसा अर्थ नाही. ‘ठीक’ या उत्तरानंतर काय होते, तिथे पाहावे.

याच्याशी जोडलेली दुसरी गोष्ट म्हणजे छोट्या हाकांना मिळणारा प्रतिसाद. सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन गॉटमन यांनी १९९० च्या दशकात सदनिकेसारखी प्रयोगशाळा उभारली होती. नवविवाहित जोडपी तिथे दिवसभर राहात, स्वयंपाक करीत, वाचत बसत, आणि कॅमेरे त्यांचे साधे वागणे टिपत. गॉटमन यांचे लक्ष भांडणांपेक्षा अगदी किरकोळ क्षणांकडे गेले. एक जण खिडकीबाहेर पाहून म्हणतो, ‘बोट बघ किती सुंदर आहे’. बोट महत्त्वाची नाही. ही लक्ष मागणारी हाक आहे. दुसरा मान वर करून बघतो, नुसते ‘हं’ म्हणतो, किंवा ऐकूनही काहीच करीत नाही. सहा वर्षांनी पाहिले तेव्हा, गॉटमन यांनी दिलेल्या आकड्यांनुसार, ज्यांचे लग्न टिकले होते त्यांनी अशा हाकांना शंभरातून सुमारे ८६ वेळा ओ दिली होती आणि ज्यांचे मोडले होते त्यांनी सुमारे ३३ वेळा. हे आकडे घरी मोजपट्टीसारखे वापरण्यात अर्थ नाही. त्यांतून घेण्यासारखी गोष्ट एवढीच की चांगल्या नात्यातही दर वेळी ओ मिळत नाही, आणि मोडणाऱ्या नात्यातही ती पूर्ण बंद झालेली नसते. म्हणूनच संशय येतो आणि फिटतो, पुन्हा येतो.

ओ मिळेनाशी झाली की काही काळाने हाकही थांबते. हा टप्पा फसवा असतो, कारण बाहेरून तो शांततेसारखा दिसतो.

त्या शांततेबद्दल गॉटमन आणि रॉबर्ट लेव्हेन्सन यांनी एक लक्षात ठेवण्याजोगी नोंद केली आहे. त्यांनी ७९ जोडप्यांचा १४ वर्षे माग ठेवला. ज्यांच्यात तीव्र भांडणे, टोमणे, प्रतिहल्ले होते ती लग्ने मोडली तर लवकर मोडली, लग्नानंतर सरासरी ५.६ वर्षांनी. दुसरा एक गट भांडत नव्हता. त्यांच्या संभाषणात राग कमी होता, पण हसू, कौतुक, उत्सुकता, चेष्टा यांचाही मागमूस नव्हता. यांच्यातली मोडलेली लग्ने सरासरी १६.२ वर्षांनी मोडली. म्हणजे कोरड्या शांततेत माणसे दहा-अकरा वर्षे जास्त काढतात. मुले मोठी होईपर्यंत निभावून नेणे हे आपल्याकडे नवीन नाही. पण अमेरिकेतही तेच दिसावे हे सांगण्यासारखे आहे. भांडण थांबले याचा आनंद मानण्याआधी ते मिटले की सोडून दिले एवढे तपासून घ्यावे. कॅरिल रझबल्ट या मानसशास्त्रज्ञ बाईंनी नात्यातल्या असमाधानावरच्या प्रतिक्रियांचे जे चार प्रकार केले त्यांत बोलून दाखवणे, धीर धरून वाट पाहणे आणि सोडून जाणे यांच्या जोडीला चौथा आहे तो दुर्लक्ष. यात माणूस जातही नाही, बोलतही नाही. नाते आपोआप झिजू देतो. भांडणाऱ्याला अजून काहीतरी बदलावे असे वाटत असते. दुर्लक्ष करणाऱ्याची ती अपेक्षा संपत आलेली असते.

हे सगळे एकत्र कसे दिसते ते पाहण्यासाठी एक कल्पित पण नेहमीच्या धर्तीचे जोडपे घेता येईल. ठाण्यात राहणारे, लग्नाला अकरा वर्षे झालेली, आठ वर्षांची मुलगी. तो अंधेरीच्या एका कंपनीत, ती कल्याणच्या कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. त्याला गेले काही महिने काहीतरी खटकते आहे. पूर्वी तो घरी आल्यावर ती ऑफिसातल्या माणसांची नावे घेऊन चौकशी करायची; तिने कधी न पाहिलेल्या त्याच्या साहेबाबद्दल तिची ठाम मते होती. आता ती ‘दमलास?’ म्हणते आणि पानं घ्यायला आत जाते. दिवाळीच्या सुटीत कोकणात कुठे राहायचे हे पूर्वी ती दोन महिने आधी शोधून ठेवायची. यंदा म्हणाली, ‘तूच ठरव, मला काहीही चालेल.’ सासूबाई महिनाभर राहायला येणार म्हटल्यावर दर वर्षी जो वाद व्हायचा तो या वर्षी झालाच नाही, आणि त्याला उलट बरेच वाटले होते. मग एक दिवस वहिनीच्या बोलण्यातून त्याला कळले की बायकोने पीएचडीसाठी नाव नोंदवले आहे आणि तिला मार्गदर्शकही मिळाले आहेत. ही बातमी जाऊबाईंना तीन आठवड्यांपूर्वीच ठाऊक होती.

यातल्या सुट्या गोष्टींनी काहीच सिद्ध होत नाही. नोकरी, मूल आणि वर पीएचडी सांभाळणारी बाई संध्याकाळी कमी बोलली तर त्यात नवल नाही. सहलीचे ओझे दर वर्षी तिनेच का उचलावे, हाही प्रश्न रास्त आहे. वजन आहे ते शेवटच्या गोष्टीला: बातमी घरात सांगण्याऐवजी दुसरीकडे गेली. व्हॉन यांच्या मुलाखतींमध्येही हे वळण ठळक आहे. दूर जाणारी व्यक्ती नात्याबाहेर आपल्याला किंमत देणारी एखादी जागा शोधते. त्यात दुसरा पुरुष किंवा दुसरी बाई असायलाच हवी असे नाही. अभ्यास, भजनी मंडळ, ट्रेकचा गट, नवी नोकरी काहीही चालते. तिथल्या घडामोडी हळूहळू घरी सांगितल्या जात नाहीत. दोघांच्या आयुष्याचा एक भाग वेगळा पडत जातो आणि त्याबद्दल विचारण्यासारखे दुसऱ्याकडे काही उरत नाही, कारण त्याला तो माहीतच नसतो.

या जोडप्याच्या बाबतीत मागे गेले तर आणखी एक प्रसंग सापडतो. दोन वर्षांपूर्वी तिने पीएचडीचा विषय पहिल्यांदा काढला होता. तो मोबाइलमध्ये काहीतरी पाहात होता. ‘आता? या वयात? आणि पिल्लूचं कोण बघणार?’ एवढे म्हणून त्याने पुन्हा मान खाली घातली. त्याच्या लेखी तो विषय तिथे संपला. त्याला तो प्रसंग आठवतही नाही.

कॅलिफोर्नियातील शेली गेबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे काम नेमके अशा क्षणांवर आहे. जोडीदार अडचणीत असताना आपण कसे वागतो यावर नात्याची परीक्षा होते असा सर्वसाधारण समज आहे. गेबल यांनी उलट प्रश्न घेतला: जोडीदार चांगली बातमी सांगतो तेव्हा काय होते? त्यांना चार प्रकारचे प्रतिसाद दिसले. कुणी उत्साहाने पुढचे विचारतो. कुणी ‘अरे वा, छान’ म्हणून थांबतो. कुणी त्यातल्या अडचणी काढतो. आणि कुणी विषयच बदलतो. नात्यातले समाधान पहिल्या प्रकाराशी जोडलेले होते; उरलेले तीनही, त्यातला सभ्य ‘छान’सुद्धा, नात्याला फारसे काही देत नव्हते. २००६ च्या त्यांच्या अभ्यासात तर प्रेमात असलेल्या तरुण जोड्या पुढे टिकतील की नाही याचा अंदाज वाईट बातमीवरच्या प्रतिसादापेक्षा चांगल्या बातमीवरच्या प्रतिसादावरून अधिक चांगला आला. संकटात माणूस कर्तव्य म्हणूनही धावतो. दुसऱ्याच्या आनंदात रस घ्यायला मात्र रस असावा लागतो.

ठाण्याच्या या गृहस्थाला जो दुरावा आज दिसतो आहे त्याची सुरुवात कदाचित त्याच्याकडून झाली होती, असे यातून म्हणता येते. आटलेल्या कुतूहलाचा शोध घेताना हे बरेचदा निघते. ज्याला दुरावा जाणवतो तो स्वतःला निव्वळ साक्षीदार समजतो, पण त्याचेही प्रश्न काही वर्षांपूर्वी कमी झालेले असतात. फक्त ते कमी झाल्याचे तेव्हा दुसऱ्याने मोजले होते.

मग अशी जाणीव कितपत खरी मानायची? तिची दिशा बरेचदा बरोबर असते, पण तिने सांगितलेले कारण फार वेळा चुकते. आधी वेळेचा हिशोब पाहू. २०२५ मध्ये यानिना ब्यूलर आणि उलरिख ओर्ट यांनी जर्मनी, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि नेदरलँड्समधील अनेक वर्षे चाललेल्या पाहण्यांची माहिती तपासली. त्यांत नाते पुढे संपलेली अकरा हजारांहून अधिक माणसे होती. समाधान आधी बरीच वर्षे अगदी सावकाश उतरते आणि मग एका वळणानंतर झपाट्याने घसरते, असे त्यांना दिसले. हे वळण विभक्त होण्याच्या साधारण सात महिने ते सव्वादोन वर्षे आधी येते. मात्र दोघांचे घड्याळ सारखे चालत नाही. नाते संपवणाऱ्याचे समाधान खूप आधी घसरू लागते, आणि ज्याला सोडले जाते त्याचे अगदी शेवटी. म्हणजे ज्या काळात एकाला ‘काहीतरी वेगळे वाटते आहे’ इतकेच जाणवत असते, त्या काळात दुसरा बराच पुढे गेलेला असू शकतो.

जाणिवेच्या चुका दोन्ही बाजूंनी होतात. जेराल्डिन डाउनी आणि स्कॉट फेल्डमन यांनी १९९६ मध्ये दाखवून दिले की काही माणसे नकाराची सतत धास्ती बाळगून असतात. जोडीदाराच्या साध्या थकव्यात त्यांना नकार दिसतो, मग ती रागावतात किंवा रुसतात, आणि त्या वागण्याला कंटाळून जोडीदार खरोखरच दूर जातो. अशा माणसाची जाणीव शेवटी खरी ठरते, पण ती त्यानेच खरी केलेली असते. ज्याला आधीच्या प्रत्येक नात्यात, नोकरीत आणि मैत्रीतही हेच जाणवत आले आहे त्याने आपल्या संशयाला थोडे कमी गुण द्यावेत. उलट बाजूला, ज्यांना नाते काहीही करून टिकवायचे असते ती माणसे समोरचे दिसत असूनही पाहात नाहीत.

एखाद्या वाईट दिवसाला महत्त्व न देता चढउतार पाहणे अधिक उपयोगी पडते. झिमेना अरियागा आणि सहकाऱ्यांनी तरुण जोड्यांना दर आठवड्याला विचारले की तुमचा जोडीदार या नात्याला किती बांधलेला वाटतो. ज्यांची उत्तरे वरखाली होत राहिली त्यांची नाती तुटण्याची शक्यता अधिक होती. सरासरी चांगली असली तरीही. एका आठवड्यात खात्री आणि पुढच्यात शंका, ही अवस्था लांबली तर ती केवळ मनाचा खेळ म्हणून सोडून देण्यासारखी नसते.

तुलना कशाशी करायची, हाही प्रश्न आहे. वर आलेली बहुतेक निरीक्षणे अमेरिका-युरोपातील जोडप्यांची आहेत आणि तिथे बोलणे हे जवळिकीचे मुख्य साधन धरले जाते. मराठी घरांत, विशेषतः आजच्या सत्तरीच्या पिढीत, ‘तुला काय वाटतं’ असे बायकोला उभ्या आयुष्यात न विचारलेले नवरे आहेत, आणि त्यांनी चाळीस वर्षे तिच्यासाठी बाजारातून येताना अबोलीचा गजरा न चुकता आणलेला असतो. अशा घरात प्रश्न नसण्याला अर्थ नाही. गजरा थांबला तर आहे. एकत्र कुटुंबात सगळ्यांसमोर चौकशी करणेच प्रशस्त मानले जात नाही, तिथे आस्था ताटात वाढलेल्या पदार्थात किंवा औषध संपायच्या आत आणून ठेवण्यात दिसते. म्हणून तुलना शेजारच्या जोडप्याशी किंवा मालिकेतल्या जोडप्याशी करता कामा नये. ती याच माणसाच्या दोन वर्षांपूर्वीच्या वागण्याशी करावी लागते. तो ज्या मार्गाने आस्था दाखवत असे तो मार्ग बंद झाला आहे का, एवढेच पाहायचे असते.

आणि बंद झाला असेल तर तो फक्त जोडीदारासाठी की सगळ्यांसाठी? कारणे वेगळी करण्याचा हा सर्वांत उपयोगी धागा आहे. नैराश्यात माणसाचा रस सगळ्यातूनच जातो: जेवण, क्रिकेट, नातवंडे, मित्र, आणि ओघानेच जोडीदार. झोप बिघडते, भूक बदलते, आवडीची कामे ओढाताण करून होतात. हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले तर तो नात्याआधी डॉक्टरांचा विषय आहे. थायरॉइडची कमतरता, लोह कमी पडणे, बाळंतपणानंतरची उदासी, आईवडिलांच्या जाण्याचे दुःख, नोकरी जाण्याची टांगती तलवार, यांतही असेच होते. साठीपुढच्या घरात तर एक अगदी साधे कारण वारंवार निसटते. ऐकू कमी येऊ लागलेला माणूस अर्धवट ऐकलेल्या वाक्यावर ‘हं’ म्हणतो आणि पुढचा प्रश्न विचारीत नाही. बायको समजते, यांना आता माझ्यात रस नाही. कानाची तपासणी करून यंत्र बसवल्यावर गप्पा परत आल्याची घरे आहेत. लहान बाळ असलेल्या घरातही थोडी सबुरी लागते. रात्री तीन तीन वेळा उठणाऱ्या दोन माणसांकडून कुतूहलाची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

याउलट जोडीदार मित्रांशी फोनवर तासभर हसतो, बहिणीला सविस्तर सांगतो, मुलीच्या शाळेतल्या नाटकात रमतो आणि एकाच माणसापुढे आल्यावर त्याचे शब्द संपतात, तर थकव्याचे कारण पुरत नाही. ठाण्याच्या घरात नेमके हेच होते. ती विद्यार्थ्यांबद्दल जाऊबाईंशी भरभरून बोलत होती. तिची उत्सुकता शाबूत होती, ती फक्त त्याच्याकडे वळत नव्हती.

इथपर्यंत आलेला माणूस सरळ विचारील अशी अपेक्षा असते. बहुतेक जण विचारीत नाहीत. ते चाचण्या घेतात. लेस्ली बॅक्स्टर आणि विल्यम विल्मॉट यांनी १९८४ मध्ये अशा गुप्त चाचण्यांचा अभ्यास केला. मुद्दाम फोन न करता तो येतो का पाहणे, दुसऱ्या कुणाचे कौतुक करून मत्सर होतो का पाहणे, उगाच अडचणीची मागणी करून ती पुरवतो का पाहणे, ‘आपलं काही खरं नाही’ असे थट्टेत बोलून चेहरा न्याहाळणे, असे प्रकार त्यांना आढळले. या चाचण्यांत एक मूळ दोष आहे. परीक्षा चालू आहे हे परीक्षार्थ्याला माहीत नसते. ठाण्याच्या नवऱ्याने दुपारचा फोन बंद केला, ती स्वतःहून करते का हे पाहायला. तिने केला नाही. त्याने निष्कर्ष काढला की तिला गरज उरलेली नाही. तिने काढला तो असा की तोही एवढाच कंटाळला आहे. दुराव्याचा पुरावा शोधण्यासाठी केलेल्या गोष्टीनेच एक धागा कमी झाला.

विचारण्याची दुसरी नेहमीची चूक म्हणजे आरोपाचा प्रश्न. ‘तू बदललीस’, ‘तुला माझं काही पडलेलंच नाही’, ‘काय चाललंय तुझं?’ अँड्र्यू क्रिस्टेन्सन आणि ख्रिस्तोफर हेवी यांनी १९९० मध्ये वर्णन केलेले चक्र इथे सुरू होते: एक मागे लागतो, दुसरा मिटतो, तो मिटतो म्हणून पहिला आणखी मागे लागतो. ‘काही नाही’ हे उत्तर अशा वेळी खोटेच असते असेही नाही. दूर जाणाऱ्याला खरोखरच अजून शब्द सापडलेले नसतात, आणि आरोपाला उत्तर देताना ते सापडणार नाहीत.

मोठ्या निष्कर्षाऐवजी एक ठरावीक घटना आणि तिने स्वतःला काय झाले एवढे सांगितले तर संभाषणाला जागा मिळते. ठाण्याच्या घरात ते असे होऊ शकते: ‘तुझ्या पीएचडीचं मला वहिनीकडून कळलं. मला वाईट वाटलं, आणि मग वाटलं की मला का सांगावंसं वाटलं नसेल. मी कधी काही बोललो होतो का?’ यात शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण त्याचे उत्तर त्याला माहीत नाही आणि ते तिच्याकडेच आहे. वेळही निवडावी लागते. रात्री अकराला मूल झोपल्यावर, दोघे दमलेले असताना, असा विषय काढला की तो लवकर गुंडाळला जातो. एकत्र कुटुंबात तर खासगी बोलायला घराबाहेर पडण्यावाचून गत्यंतर नसते. तलावपाळीची एक फेरी त्या कामाला पुरेशी असते.

उत्तराचे प्रकार ढोबळमानाने ओळखता येतात. ‘मी बोलले होते, तू मान खाली घातलीस’ असे रागाने आलेले उत्तर ऐकायला कडू असले तरी आशेचे आहे. तक्रार अजून जिवंत आहे. रडू येणे, आठवणी निघणे, प्रतिप्रश्न येणे हेही त्याच बाजूचे. शांतपणे, सौजन्याने ‘नाही रे, तसं काही नाही, तू उगाच विचार करतोस’ असे म्हणून विषय संपला आणि पुढे दोन-तीन आठवडे काहीही हलले नाही, तर ते अधिक गंभीर मानावे. फरक शोधायचा तो वचनांमध्ये नाही, न सांगता आलेल्या पुढच्या प्रश्नांमध्ये: तिने विद्यापीठातल्या बैठकीबद्दल आपणहून सांगितले का, त्याने दुसऱ्या दिवशी मार्गदर्शकांचे नाव लक्षात ठेवून विचारले का. बोलण्यानंतरच्या चार दिवसांत दोघेही जपून वागतात, त्यावरून काही ठरवू नये. तो उत्साह ओसरल्यावर उरते ते पाहावे.

एकाचे मन अर्धे बाहेर पडलेले असेल तर नेहमीचे वैवाहिक समुपदेशन पुष्कळदा वाया जाते, कारण त्यात दोघांना नाते सुधारायचे आहे असे गृहीत धरलेले असते. ज्याला ते नको आहे तो सत्रांना येतो, होकार भरतो आणि नंतर ‘प्रयत्न करून पाहिला’ असे सांगायला मोकळा होतो. मिनेसोटा विद्यापीठातील विल्यम डोहर्टी यांनी अशा जोडप्यांसाठी वेगळी पद्धत बसवली. तिची सत्रे एक ते पाच, त्याहून अधिक नाहीत. समुपदेशक दोघांशी एकत्र कमी आणि वेगवेगळे जास्त बोलतो. नाते दुरुस्त करणे हा तिचा उद्देशच नसतो. तीनपैकी एक रस्ता निवडायचा असतो: आहे तसे राहणे, वेगळे होणे, किंवा वेगळे होण्याचा विषय सहा महिने बाजूला ठेवून मनापासून उपचार घेणे. मधल्या काळात प्रत्येकाने नाते इथवर येण्यात आपला वाटा किती हे शोधायचे असते, जोडीदाराचा नव्हे. भारतात ही पद्धत याच नावाने सगळीकडे मिळत नाही, पण पहिल्या भेटीतच समुपदेशकाला ‘आमच्यापैकी एकाला राहायचे की नाही हेच ठरलेले नाही’ असे स्पष्ट सांगता येते आणि दोघांना काही वेळ स्वतंत्रपणे भेटण्याची विनंती करता येते. कौटुंबिक न्यायालयांतही विवाह समुपदेशक असतात. तिथे जोडपी पोहोचतात ती मात्र बहुतेक वेळा अर्ज दाखल झाल्यानंतर, म्हणजे दोघांपैकी एकाचा निर्णय होऊन गेल्यावर.